फ्लॅटच्या व्हिडिओचं निवेदन: खोल्या मोजू नका, दिवस सांगा

फ्लॅट विकायला किंवा भाड्याने द्यायला काढला की हल्ली त्याचा तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ करतात. त्यातलं निवेदन बहुतेक वेळा असं असतं: "हा आहे प्रशस्त हॉल. हे किचन. किचनला लागून ड्राय बाल्कनी. ही मास्टर बेडरूम, अटॅच्ड टॉयलेटसह." यातलं प्रत्येक वाक्य खरं असतं आणि त्यातली प्रत्येक गोष्ट त्याच क्षणी पडद्यावर दिसतही असते. म्हणजे आवाजाने काही भर घातलीच नाही. हॉल पाहणाऱ्याला दिसतोच आहे. सकाळी पाणी किती वाजता येतं, मे महिन्यात दुपारी कोणती खोली तापते, जुलैत कपडे कुठे वाळतात, रात्री झोपताना रस्त्याचा आवाज किती येतो, हे त्याला दिसत नाही. निवेदनाची गरज आहे ती या न दिसणाऱ्या गोष्टींसाठी.

असं निवेदन पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांसाठी हा लेख आहे. तुम्ही नव्याने एजंट झाला असाल, स्वतःचं घर स्वतःच विकत असाल किंवा आईवडिलांचा फ्लॅट भाड्याने देत असाल, तरी रीत एकच. ती नीट कळावी म्हणून उदाहरणाला एक घर घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून चालू. पुण्यात कोथरूडला, पौड रस्त्याच्या आतल्या गल्लीत, वीसेक वर्षं जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके. दारातून आत आलं की तोंड पूर्वेला होतं. समोर हॉल आणि त्यापुढे बाल्कनी. डाव्या हाताला, म्हणजे उत्तरेला, स्वयंपाकघर. त्याची खिडकी पूर्वेला आणि ड्राय बाल्कनी उत्तरेला, गल्लीच्या बाजूला. उजवीकडे पॅसेज. पॅसेजमध्ये एक बाथरूम, पुढे पूर्वेच्या अंगाला लहान बेडरूम आणि पश्चिमेच्या अंगाला मोठी.

आधी राहणाऱ्यांशी बोला

कागद-पेन घेऊन घरात एकटंच फिरून हे निवेदन लिहिता येत नाही. घर वापरणाऱ्या माणसाशी, शक्यतो जिचा स्वयंपाकघरात आणि धुण्याशी रोजचा संबंध आहे तिच्याशी, अर्धा तास बोलावं लागतं. त्यात प्रश्न कसा विचारता यावर सगळं आहे. "काकू, घर कसं आहे?" असं विचारलंत तर उत्तर येतं, "छान आहे हो, हवेशीर आहे." हे उत्तर कुठल्याही घराचं होऊ शकतं. त्याऐवजी विचारा, "काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंत?" मग काकू सांगायला लागतात: "उठले, आधी स्वयंपाकघरातल्या नळाला हंडा लावला. सहा ते आठच असतं ना ते पाणी. मग चहा. मशीन लावलं. चादरी होत्या, त्या पुढच्या बाल्कनीत टाकल्या. मागे थंडीत ऊनच नसतं."

या सहा वाक्यांत पाण्याची वेळ आली, थेट नळ कुठे आहे ते आलं आणि ड्राय बाल्कनीचा एक दोषही आला. दोष विचारून कधी कळत नाही; माणूस काल काय केलं ते सांगताना तो आपोआप बाहेर पडतो. म्हणून "कालचा दिवस सांगा" हा पहिला प्रश्न. दुसरा, "मे महिन्यात तुम्ही दुपारी कुठे बसता?" तिसरा, "पावसाळ्यात कोणती खिडकी बंद ठेवता?" चौथा, "उन्हाळ्यात सोसायटीला टँकर लागतो का?" आणि पाचवा, "लाइट गेली की काय काय बंद पडतं?" लिफ्ट आणि पाण्याचा पंप जनरेटरवर आहेत की नाहीत, हे या शेवटच्या प्रश्नातूनच कळतं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना त्याचा फार फरक पडतो.

फ्लॅट रिकामा असेल तर शेजारी आणि वॉचमन यांना विचारा. बिल्डरच्या नवीन इमारतीत अजून कोणी राहायलाच आलं नसेल, तर मात्र तिथलं रोजचं जगणं तुम्ही रचू नका. तिथे फक्त दिशा, मजला, खिडक्या आणि तुम्ही स्वतः त्या जागी उभं राहून पाहिलेलं, ऐकलेलं सांगा. सॅम्पल फ्लॅटमध्ये ठेवलेल्या पलंगाची लांबीही एकदा टेपने मोजून पाहा, मगच "डबल बेड सहज मावतो" म्हणा.

दोनदा जा: सकाळी आणि दुपारनंतर

लोक एकदाच जातात, तेही अकराच्या सुमाराला, कारण तेव्हा उजेड चांगला असतो. अकराला घर शांत असतं, पाणी येऊन गेलेलं असतं, शाळेच्या गाड्या गेलेल्या असतात आणि पश्चिमेची भिंत अजून तापलेली नसते. म्हणजे जे सांगायचं त्यातलं काहीच घडत नसतं. म्हणून एक फेरी सकाळी सात ते नऊ आणि एक दुपारी चार ते सात अशी करा. चित्रीकरणही याच दोन वेळांना करायचं आहे, त्यामुळे फेऱ्या वाया जात नाहीत. निवेदनात "सकाळी ओट्यावर ऊन येतं" म्हणायचं आणि चित्रात दुपारचा उजेड दाखवायचा, हे पाहणाऱ्याच्या चटकन लक्षात येतं आणि मग तो पुढचं काहीच खरं मानत नाही.

घरात गेल्यावर फोनवरच्या होकायंत्राने दिशा स्वतः पाहा. मालक "पूर्वेचं घर" म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात दार असतं, तुम्हाला मात्र खिडक्या हव्यात. मग ऋतूंचा हिशोब मांडा. डिसेंबरमध्ये पुण्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत खोलवर येतं आणि उत्तरेची बाजू दिवसभर सावलीत राहते. मेच्या मध्याला दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि जूनमध्ये थोडा उत्तरेकडे. तापण्याचा खरा त्रास होतो तो पश्चिमेच्या भिंतीला, कारण दुपारनंतरचं ऊन तिच्यावर समोरून पडतं आणि वीट-सिमेंटमध्ये साठलेली उष्णता सूर्य मावळल्यावरही काही तास आत येत राहते. पावसाचंही तसंच. पावसाळी वारे पश्चिम आणि नैऋत्येकडून येतात, त्यामुळे जोराची सर असली की पश्चिमेच्या खिडकीतून शिंतोडे आत येतात.

तुम्ही नोव्हेंबरमध्ये गेलात तर यातलं काही घडताना दिसणार नाही, पण खुणा दिसतात. पश्चिमेच्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात रंगाचे पोपडे धरलेत का? भिंतीवर पिवळट ओघळ आहे का? घरभर पातळ पडदे आणि एकाच खोलीला जाड, गडद पडदे का आहेत? घरातला एकमेव एसी कुठे बसवलाय? आमच्या उदाहरणातल्या घरात एसी मोठ्या बेडरूममध्ये आहे आणि जाड पडदेही तिथेच. खोली काय सांगते आहे ते कळलं. पोपडे दिसले तर ओल कधीची, दुरुस्ती झाली का, तिचं बिल आहे का हे मालकांना विचारा. उत्तर मिळेपर्यंत "गळती नाही" हे शब्द निवेदनात येऊ देऊ नका.

या घराचेच प्रसंग निवडा

दोन फेऱ्यांनंतर वहीत पंचवीस-तीस नोंदी होतील. त्या सगळ्या घेतल्या तर पुन्हा यादीच होईल, फक्त खोल्यांऐवजी सवयींची. पाच-सहा ठेवा, बाकीच्या सोडा. गाळण्यासाठी एक साधी कसोटी आहे: हेच वाक्य वरच्या किंवा समोरच्या फ्लॅटलाही चालेल का? चालत असेल तर ते काढा. "सकाळी प्रसन्न वातावरण असतं" हे कुठेही चालतं. "साडेसातला ऊन ओट्यावर येतं" हे पूर्वेच्या खिडकीच्या स्वयंपाकघरालाच चालतं.

त्यात पाण्याची वेळ, सकाळची घाई, धुणं, दुपारचं तापणं, रात्रीचा आवाज आणि बाहेर पडून कामाच्या ठिकाणी पोहोचणं, यांना मी नेहमी आधी जागा देतो. घर घेतल्यावर लोक ज्यावरून हळहळतात त्या याच गोष्टी आहेत. देवघराची जागा, चपलांचं कपाट, गॅसची पाइपलाइन यांना अर्धं वाक्य पुरतं. मॉड्यूलर ट्रॉली आणि फॉल्स सीलिंग चित्रात दिसतात, त्यांना आवाज लागत नाही.

चालण्याचा क्रम आणि दिवसाचा क्रम

नवख्यांची सगळ्यात मोठी अडचण इथे होते. दिवस स्वयंपाकघरात सुरू होतो, मग बाथरूम, मग पुन्हा स्वयंपाकघर, मग ऑफिस, संध्याकाळी बाल्कनी. घर मात्र दारापासून सुरू होतं. दिवसाच्या क्रमाने चित्रं लावली तर पाहणाऱ्याला कोणती खोली कुठे आहे हेच कळत नाही. तीन मिनिटं पाहूनही त्याच्या डोक्यात नकाशा तयार होत नाही आणि मग तो फोन करून विचारतो, "बेडरूम हॉलमधूनच आहे का?"

यावर उपाय असा की सुरुवातीला पंचवीस-तीस सेकंदांची एक सलग चाल ठेवा. दार, हॉल, डावीकडे वळून स्वयंपाकघरात डोकावणं, मागे फिरून पॅसेजच्या टोकापर्यंत जाणं. मध्ये कुठेही काप नाही. या वेळी आवाज फक्त दिशा सांगतो: समोर काय, डावीकडे काय, उजवीकडे काय. नकाशा एकदा बसला की पुढची चित्रं वेगवेगळ्या वेळी घेतलेली असली तरी चालतात.

त्यानंतर घरातून अशी एक फेरी शोधा जी साधारण दिवसासारखी पुढे सरकेल. आपल्या घरात ती सहज मिळते. स्वयंपाकघर सकाळी, तिथूनच ड्राय बाल्कनी, मग पॅसेजमधली आंघोळीची घाई, लहान बेडरूम दिवसा, मोठी बेडरूम चार वाजता आणि परत हॉलमध्ये येऊन संध्याकाळी बाल्कनी. काही घरांत असं जमत नाही. दारालगतच बेडरूम असते, स्वयंपाकघर टोकाला. तिथे दिवस उलटा धरा. माणूस संध्याकाळी कामावरून दारात येतो तिथून सुरू करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात संपवा. घड्याळाचा काटा पुढेच सरकत असला की ऐकणारा चुकत नाही. सकाळ, रात्र, पुन्हा सकाळ, दुपार असं मागेपुढे मात्र करू नका.

वाक्य कसं लिहायचं

आता लिहायला बसा. पहिल्या खर्ड्यात "आहे"वर संपणारी वाक्यं भरपूर येतील. त्यातल्या प्रत्येकात एखादं माणूस काहीतरी करताना आणता येतं का, ते पाहा. "किचन प्रशस्त आहे" हे वाक्य घ्या. प्रशस्त म्हणजे किती? टेप लावून ओट्यासमोरची जागा मोजली आणि ती चार फूट भरली. "ओट्यासमोर चार फूट जागा आहे" हे खरं झालं, पण ऐकणाऱ्याला चार फूट डोळ्यांसमोर येत नाहीत. काकूंकडे पाहिलं तर त्या पोळ्या लाटत होत्या आणि त्यांची सून मागून फ्रीजकडे सहज जात होती. मग वाक्य झालं: "एक जण पोळ्या लाटत असताना दुसऱ्याला मागून जाता येतं." आता प्रशस्त म्हणायची गरज उरली नाही.

तसंच "भरपूर नैसर्गिक प्रकाश" याचं. कोणत्या वेळी, कुठे आणि त्याने काय होतं, ते लिहा: "चहा करताना दिवा लावावा लागत नाही." "शांत परिसर" याचं: "खिडकी उघडी ठेवून कामाचा कॉल घेता येतो." हे लिहिण्याआधी खिडकी उघडी ठेवून त्या खोलीतून कोणाला तरी फोन करा आणि पलीकडच्याला नीट ऐकू आलं का ते विचारा.

अंतरांच्या बाबतीत काटेकोर राहा. "मेट्रो पाच मिनिटांवर" यात चालत की गाडीने हे येत नाही आणि सोसायटीच्या फाटकापासून की घराच्या दारापासून हेही येत नाही. घराला कुलूप लावल्यापासून घड्याळ सुरू करा, लिफ्टची वाट पाहा, चालत जा. वनाज ते गरवारे कॉलेज ही मेट्रो मार्च २०२२मध्ये सुरू झाली, ऑगस्ट २०२३मध्ये ती पुढे रुबी हॉलपर्यंत आणि मार्च २०२४मध्ये रामवाडीपर्यंत गेली. त्यामुळे कोथरूडच्या घरासाठी स्थानकाचं अंतर ही आता रोजच्या कामाची माहिती आहे. आपल्या घरापासून आनंदनगर स्थानक आठ मिनिटं निघालं असं धरू. मग आठच म्हणा. पाच म्हटलंत तर घर पाहायला आलेला माणूस स्वतः चालून बघतो.

आकडे आवाजात नको, पडद्यावर

कार्पेट एरिया, मजला, महिन्याचा मेंटेनन्स, पार्किंग, किंमत ही माहिती लागतेच. पण आकडे कानाने लक्षात राहत नाहीत आणि ते बोलताना निवेदनाची लय तुटते. ते पडद्याच्या खालच्या भागात अक्षरांत द्या, चार-पाच सेकंद थांबू द्या आणि शेवटी एका स्थिर चौकटीत सगळे एकत्र दाखवा, म्हणजे लोकांना स्क्रीनशॉट घेता येतो.

कार्पेट लिहिताना एक काळजी घ्या. रेरा कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे कार्पेटमध्ये घरातल्या आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. बाल्कनी वेगळी लिहा. नवीन नोंदणीकृत प्रकल्पातला फ्लॅट असेल तर जाहिरातीवर महारेराचा नोंदणी क्रमांक हवा आणि १ ऑगस्ट २०२३पासून क्यूआर कोडही हवा. तोही याच चौकटीत ठळक ठेवा.

उणी बाजू कुठे सांगायची

मोठी बेडरूम उन्हाळ्यात तापते. हे सांगावं की नाही, असा प्रश्न नवख्यांना पडतो. सांगावं, आणि तेही व्हिडिओच्या मध्यावर, त्या खोलीतच. अगदी सुरुवातीला सांगितलं तर माणूस पुढे पाहत नाही आणि शेवटी सांगितलं तर लपवून ठेवल्यासारखं वाटतं. सांगताना तीन गोष्टी एकत्र द्या: केव्हा होतं, किती वेळ राहतं आणि राहणारे त्यावर काय करतात. "ही खोली जरा गरम होते" एवढ्यावर सोडलंत तर ऐकणारा आपल्या मनाने त्याचं कितीही मोठं करतो. "एप्रिल-मेमध्ये तीननंतर तापते, रात्री नऊपर्यंत राहते, एसीचा पॉइंट इथे आहे" म्हटलंत तर त्याला निर्णय घेता येतो. ज्याला हे चालणार नाही तो येणारच नाही, त्यामुळे तुमची आणि काकूंची प्रत्येक शनिवारची धावपळ वाचते.

दोष सौम्य करण्यासाठी लगेच गुणाचं शेपूट जोडू नका. "तापते, पण संध्याकाळ किती सुंदर!" यातला "पण" ऐकणाऱ्याला खटकतो.

राहणाऱ्यांचा दिवस उघडा करू नका

रोजच्या जगण्यावर भर देणाऱ्या निवेदनात एक धोका आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. काकूंनी विश्वासाने सांगितलेली दिनचर्या जशीच्या तशी व्हिडिओत गेली तर घर कधी रिकामं असतं आणि घरात कधी एकटं म्हातारं माणूस असतं, हे अनोळखी लोकांना कळतं. म्हणून काकूंच्या दिवसातून घराबद्दलची माहिती उचला, माणसांबद्दलची नको. "सकाळी साडेआठला सगळे बाहेर पडतात" असं न म्हणता "साडेसात ते साडेआठच्या घाईत दोन बाथरूम मिळतात" म्हणा. दुपारी आजी एकट्या असतात, मूल कोणत्या बसने येतं, किल्ली कोणाकडे ठेवतात, यातलं काहीही नको. चित्रातही दारावरची पाटी, भिंतीवरचे कुटुंबाचे फोटो, फ्रीजवर चिकटवलेलं शाळेचं वेळापत्रक आणि खाली उभ्या गाडीचा नंबर टाळा. तयार व्हिडिओ बाहेर जाण्याआधी काकूंना एकदा पूर्ण दाखवा.

आणखी एक. प्रसंग लिहिताना मनात एखादं कुटुंब येतंच. ते आवाजात येऊ देऊ नका. "छोट्या शाकाहारी कुटुंबासाठी" किंवा "आपल्या माणसांसाठी" असली वाक्यं लोकांना दारातूनच परत पाठवतात. घर कसं वापरता येतं ते सांगा. कोणी राहावं ते ऐकणारा ठरवेल.

तयार निवेदन

मराठी निवेदन आरामात वाचलं तर मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्द होतात. आपली वाक्यं प्रत्ययांनी लांबलेली असतात, त्यामुळे यापेक्षा वेगाने वाचलं की शब्दांची टोकं गिळली जातात. व्हिडिओ तीन मिनिटांचा धरला तर त्यात निदान पाऊण मिनिट आवाज नसावा. कुकरची शिट्टी, नळाचं पाणी, बाल्कनीतले पक्षी ऐकू यावेत. म्हणजे हातात फार तर अडीचशे ते पावणेतीनशे शब्द उरतात. आपल्या घराचं निवेदन असं झालं:

*(सलग चाल: दार, हॉल, पॅसेज)*
तिसरा मजला. लिफ्ट आहे, आणि लाइट गेली तरी ती जनरेटरवर चालते. आत आलं की समोर पूर्वेची बाल्कनी. डाव्या हाताला स्वयंपाकघर. उजवीकडे पॅसेज, आणि पॅसेजच्या टोकाला दोन्ही बेडरूम.

*(स्वयंपाकघर, सकाळ)*
महापालिकेचं पाणी सकाळी सहा ते आठ. ओट्याजवळच्या या नळाला ते थेट येतं, बाकी घरात टाकीचं. साडेसातला ऊन ओट्यावर येतं. चहा करताना दिवा लावावा लागत नाही. एक जण पोळ्या लाटत असताना दुसऱ्याला मागून जाता येतं.

*(ड्राय बाल्कनी)*
मशीन इथे. ही उत्तरेची बाजू, खाली गल्ली. थंडीत इथे ऊन नसतं, तेव्हा चादरी पुढच्या बाल्कनीत टाकायच्या. पावसात पाणी आत येत नाही, पण जाड कपड्यांना दोन दिवस लागतात.

*(पॅसेज)*
साडेसात ते साडेआठच्या घाईत दोन बाथरूम मिळतात: एक इथे, एक मोठ्या बेडरूममध्ये. इथल्या बाथरूमला पायरी नाही. रात्री उठणाऱ्या आजी-आजोबांना लहान बेडरूममधून चार पावलं.

*(लहान बेडरूम, दिवसा)*
गल्लीपासून ही खोली सगळ्यात लांब. खिडकी उघडी ठेवून कामाचा कॉल घेता येतो. टेबल खिडकीशी, पलंग या भिंतीला.

*(मोठी बेडरूम, दुपारी चार)*
ही पश्चिमेची. एप्रिल-मेमध्ये दुपारी तीननंतर भिंत तापते आणि रात्री नऊपर्यंत खोली गरम राहते. एसीचा पॉइंट इथे आहे. पावसाळ्यात वारा याच बाजूने येतो. जोराची सर आली की ही खिडकी लावून घ्यायची.

*(बाल्कनी, संध्याकाळ)*
दुपारनंतर इथे सावली. दोन खुर्च्या आणि मध्ये स्टूल मावतं. आनंदनगर मेट्रो घराच्या दारापासून चालत आठ मिनिटं, आणि परत येताना भाजीवाले वाटेतच. गाडी खाली, झाकलेल्या पार्किंगमध्ये.

यात हॉलबद्दल जवळपास काहीच नाही, हे लक्षात आलं असेल. तो सलग चालीत दिसून जातो आणि त्याच्याबद्दल डोळ्यांना न दिसणारं असं काही सांगण्यासारखं नव्हतं. मालकांना हे खटकतं. त्यांनी हॉलवरच सगळ्यात जास्त खर्च केलेला असतो. तरी तिथे वाक्य भरू नका.

रेकॉर्डिंग

निवेदन रिकाम्या हॉलमध्ये रेकॉर्ड करू नका. उघड्या भिंती आणि फरशीवरून आवाज परत येतो आणि तो नंतर सहज काढता येत नाही. गाद्या-पडदे असलेल्या खोलीत, उघड्या कपड्यांच्या कपाटाकडे तोंड करून बसा, पंखा बंद ठेवा आणि फोन तोंडापासून वीतभर लांब, जरा बाजूला धरा. आधी दोनदा मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य तोडा. पुस्तकी "येथे", "तसेच", "सदर" आले असतील तर ते बोलताना कळतात, काढून टाका. एकेका प्रसंगाचं रेकॉर्डिंग वेगळं करा, म्हणजे एखादी वेळ किंवा अंतर बदललं तर तेवढाच तुकडा पुन्हा बोलता येतो. घरातले आवाजही प्रत्येक खोलीत अर्धा-अर्धा मिनिट वेगळे टिपून ठेवा.

बाहेर पाठवण्याआधीची परीक्षा

हे घर न पाहिलेल्या एखाद्याला व्हिडिओ एकदाच दाखवा. मग फोन बाजूला ठेवा आणि चार प्रश्न विचारा. स्वयंपाकघर दारातून आल्यावर कोणत्या हाताला? जानेवारीत चादरी कुठे वाळत घालशील? मे महिन्यात दुपारी कोणत्या खोलीत झोपणार नाहीस? रात्री अभ्यासाला कुठे बसशील? पहिलं उत्तर चुकलं तर सलग चाल पुन्हा घ्या, बहुधा ती घाईत झाली असेल. दुसरं किंवा तिसरं चुकलं तर ते वाक्य दुसऱ्या माहितीच्या गर्दीत दबलंय. त्याच्या आजूबाजूचं एखादं वाक्य काढा आणि त्यानंतर दोन सेकंद शांतता ठेवा. चौथं उत्तर निवेदनात थेट सांगितलेलंच नाही. ऐकणाऱ्याने गल्लीपासून लांबच्या खोलीवरून ते स्वतः काढलं, तर व्हिडिओ पाठवायला हरकत नाही.

घर सहा महिने विकलं गेलं नाही, तर हीच परीक्षा बदललेल्या ऋतूत पुन्हा घ्या. डिसेंबरमध्ये घेतलेलं ओट्यावरचं ऊन जूनच्या ढगांत नसेल, सोसायटीने पाण्याची वेळ बदलली असेल, समोरच्या प्लॉटवर बांधकाम सुरू झालं असेल. तेवढे तुकडे पुन्हा बोला आणि पुन्हा चित्रित करा.